हीप फाइल की सॉर्टेड फाइल? पेज ॲक्सेसचा हिशोब – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीबीएमएसचा पेपर जवळ आला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, आणि मधून मधून नोकरी करणाऱ्यांचेही येतात की आमचं टेबल स्लो का झालंय. म्हणून सगळे एका जागी टाकतोय. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील, पण उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, ते आधी बघून घ्या.

विद्यार्थ्यांची एक फाइल आहे. ४०,००० रेकॉर्ड, प्रत्येक रेकॉर्ड २०० बाइटचं, पेज ८ केबीचं म्हणजे ८१९२ बाइट. भागाकार केला तर ४०.९६ येतं, पण रेकॉर्ड अर्धं या पेजात आणि अर्धं त्या पेजात असं आपण ठेवत नाही, म्हणून एका पेजात ४० रेकॉर्ड आणि एकूण १००० पेजेस. पेजच्या हेडरला लागणारी जागा इथे सोडून दिलीय. शोधायचं ते आसन क्रमांकावरून, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. इंडेक्स कुठलाही नाही, हे फार महत्त्वाचं, कारण इंडेक्स आला की अर्धी उत्तरं बदलतात.

१. हीप फाइल आणि सॉर्टेड फाइल यात नेमका फरक काय?

हीप फाइलमध्ये रेकॉर्ड जिथे जागा मिळेल तिथे पडतं, क्रम बिम काही नाही. (हीप सॉर्टमधल्या हीपशी याचा संबंध नाही, हे दर वेळी कोणीतरी विचारतंच.) सॉर्टेड फाइलमध्ये रेकॉर्ड्स एका ठरावीक फील्डच्या क्रमाने असतात, आपल्याकडे आसन क्रमांकाच्या, म्हणजे पेज १ मध्ये सगळ्यात लहान ४० क्रमांक, पेज २ मध्ये त्यापुढचे ४०, असं शेवटपर्यंत. डेटा तोच आणि पेजेसही तेवढीच, फक्त सॉर्टेड फाइल एक वचन देते की क्रम मोडणार नाही, आणि ते वचन पाळायचा खर्च प्रत्येक इन्सर्टला आणि डिलीटला भरावा लागतो.

२. खर्च पेज ॲक्सेसमध्येच का मोजायचा? किती तुलना केल्या ते का नाही मोजत?

कारण डिस्क एक रेकॉर्ड देतच नाही, देते ते अख्खं पेज. तुम्हाला २०० बाइट हवे असले तरी ८१९२ बाइट मेमरीत येतात, आणि एकदा पेज मेमरीत आलं की त्यातली ४० रेकॉर्ड्स तपासायला लागणारा वेळ डिस्कच्या मानाने इतका कमी असतो की तो आपण शून्य धरतो. मोजायची पद्धत सोपी आहे, एक पेज वाचलं की १, एक पेज लिहिलं की १. म्हणजे एखाद्या पेजात बदल करायचा तर वाचा आणि लिहा, मिळून २. मात्र शोधताना जे पेज आधीच मेमरीत आलंय ते बदलायचं असेल तर फक्त लिहिण्याचा १, परत वाचायचं नाही. पेपरात सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, तेच पेज दोनदा मोजलं जातं.

३. हीपमध्ये सर्चचा खर्च कुठे ५०० लिहितात, कुठे १०००. बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर, प्रश्न काय विचारलाय त्यावर आहे. क्रमांक युनिक आहे आणि फाइलमध्ये आहे हे माहीत असेल तर तो पहिल्या पेजात सापडू शकतो किंवा हजाराव्या, सरासरी काढली तर ५००.५, आपण ५०० म्हणतो. क्रमांक फाइलमध्ये नसेलच तर शेवटच्या पेजापर्यंत गेल्याशिवाय "नाही" असं म्हणताच येत नाही, म्हणून १०००. आणि युनिक नसलेल्या फील्डवर शोधत असाल, म्हणजे तालुका = बार्शी वगैरे, तर एक सापडला म्हणून थांबता येत नाही, पुढे आणखी असू शकतात, म्हणून परत १०००. पेपरात "सरासरी" शब्द आहे का आणि फील्ड युनिक आहे का एवढं बघून आकडा लिहा.

४. सॉर्टेड फाइलमध्ये १० च पेज कसे लागतात? आणि आत रेकॉर्ड शोधायला वेगळं बायनरी सर्च करतात त्याचं काय?

बायनरी सर्च पेजवर करायचा, रेकॉर्डवर नाही. मधलं पेज, म्हणजे ५०० वं, वाचा. त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या मधे आपला क्रमांक बसतो का बघा, बसला तर काम झालं, नाहीतर डावी बाजू किंवा उजवी. दर वेळी उरलेली पेजेस अर्धी होतात, १००० ची ५००, मग २५०, आणि `log2(1000)` साधारण ९.९७ असल्याने जास्तीत जास्त १० पेजमध्ये निकाल लागतो. सरासरी काढायचीच असेल तर ती ९ च्या आसपास येते, म्हणजे हीपसारखा "सरासरी निम्मी" हा फायदा इथे मिळत नाही. क्रमांक नसला तरी १० च्या आतच कळतं, हा सॉर्टेड फाइलचा फायदा लोक विसरतात, हीपमध्ये त्याच "नाही" साठी १००० मोजावे लागले होते.

पेजच्या आतला सर्च मेमरीत होतो, त्याचा खर्च शून्य (प्रश्न २). काही जण `log2(40000)` काढून १६ लिहितात, ते चूक, ते रेकॉर्ड्सचं लॉग आहे, आपल्याला पेजेसचं हवंय.

५. हीपमध्ये इन्सर्ट फक्त २ पेज ॲक्सेस? इतकं स्वस्त कसं काय?

शेवटचं पेज वाचलं, त्यात रेकॉर्ड टाकलं, लिहिलं. झाले २. शेवटचं पेज भरलेलं असेल तर नवीन पेज लागतं, पण ते ४० इन्सर्टमधून एकदा.

यात एक गृहीतक लपलेलं आहे की नवीन रेकॉर्ड कायम शेवटीच जातं. मधल्या पेजात डिलीटमुळे झालेली जागा वापरायची म्हटली तर कुठल्या पेजात जागा आहे हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, आणि ते लिहिलेलं पेजसुद्धा वाचावं आणि बदलावं लागतं, म्हणजे २ चे ४ होऊ शकतात. जागा असलेल्या पेजेसची नुसती एक साखळी ठेवली असेल आणि रेकॉर्ड्स लहानमोठी असतील तर आणखी वाईट, साखळीतलं एकेक पेज उघडून बघायचं की आपलं रेकॉर्ड मावतंय का. पोस्टग्रेस यासाठी प्रत्येक टेबलासोबत मोकळ्या जागेचा एक छोटा नकाशाच ठेवतो. पुस्तकी हिशोबात मात्र २ च धरा.

६. सॉर्टेड फाइलमध्ये इन्सर्टला १०१० कुठून आले? एकच तर रेकॉर्ड टाकायचंय!

एकच टाकायचंय, पण पेजेस गच्च भरलेली आहेत. आधी जागा शोधा, १० पेज. समजा ती ५०० व्या पेजात निघाली. तिथे ४० रेकॉर्ड्स आधीच आहेत, त्यामुळे नवीन आत घेतलं की शेवटचं रेकॉर्ड बाहेर पडतं, ते जातं ५०१ मध्ये सगळ्यात पुढे, मग ५०१ मधलं शेवटचं ५०२ मध्ये, आणि एसटीत एक माणूस आत शिरला की "जरा सरका" शेवटच्या सीटपर्यंत जातं तसं हे पेज १००० पर्यंत चालतं. सरासरी निम्मी पेजेस, म्हणजे ५००, प्रत्येक वाचायचं आणि लिहायचं, म्हणून ५०० + ५०० = १०००. सर्चचे १० धरून १०१०. एखादा इकडे तिकडे होतो, कारण पहिलं पेज आधीच मेमरीत असतं आणि शेवटी कधी नवीन पेज जोडावं लागतं, त्यावर भांडू नका.

क्रमांक सगळ्यांत लहान असेल तर सगळी फाइल सरकते, २००० च्या घरात. सगळ्यांत मोठा असेल तर काहीच सरकत नाही (प्रश्न ११).

अजून एक गोष्ट पुस्तकात नसते पण विचार करण्यासारखी आहे. सरकवायचं काम अर्ध्यात असताना लाइट गेली तर? पुढून मागे सरकवत असाल तर बाहेर काढलेलं एक रेकॉर्ड त्या क्षणी फक्त मेमरीत असतं, ते गेलं. उलटीकडून, म्हणजे शेवटच्या पेजापासून सुरू केलंत तर रेकॉर्ड हरवत नाही, पण एक रेकॉर्ड दोन शेजारच्या पेजात दिसू शकतं. दुसरं परवडलं, डुप्लिकेट शोधून काढता येतं, हरवलेलं कुठून आणणार. डेटाबेस असेल तर तो लॉग ठेवून हे सांभाळतो, पण मग लॉगची पेजेसही लिहावी लागतात.

७. डिलीटचा खर्च दोन्हीकडे किती?

हीपमध्ये आधी शोधा, सरासरी ५००, सापडलं ते पेज मेमरीत आहेच, रेकॉर्ड काढून पेज परत लिहा, १. एकूण ५०१. काढलेल्याची जागा तशीच भोक म्हणून राहते. जर तुम्हाला रेकॉर्डचा पत्ताच माहीत असेल, पेज नंबर आणि त्यातला स्लॉट, तर शोधायचं कामच नाही, एक वाचन, एक लेखन, २ मध्ये विषय संपला. आणि "तालुका = बार्शी असलेले सगळे काढा" असं असेल तर १००० पेज वाचायची आणि ज्या ज्या पेजात असे विद्यार्थी सापडले तेवढी लिहायची.

सॉर्टेडमध्ये सर्च १०, आणि भोक न ठेवता मागची सगळी पुढे ओढायची तर परत सरासरी ५०० पेज वाचा आणि लिहा, म्हणजे १०१०. भोक ठेवायची परवानगी असेल तर १० + १ = ११. प्रश्नात "फाइल कॉम्पॅक्ट ठेवली जाते" असं आहे की नाही यावर ११ आणि १०१० एवढा फरक पडतो, म्हणून ते वाक्य शोधा. भोक ठेवण्यात एक गंमत आहे, ती प्रश्न १३ मध्ये.

८. सगळं एका टेबलमध्ये द्या ना, परीक्षेच्या आदल्या रात्री बघायला.

घ्या. B म्हणजे पेजेसची संख्या, कंसात आपल्या उदाहरणाचा आकडा.

| काम | हीप | सॉर्टेड |
|---|---|---|
| पूर्ण फाइल वाचणे | `B` (१०००) | `B` (१०००) |
| युनिक क्रमांक शोधणे, आहे | `0.5B` (५००) | `log2 B` (१०) |
| शोधणे, नाही | `B` (१०००) | `log2 B` (१०) |
| इन्सर्ट | `2` | `log2 B + B` (१०१०) |
| डिलीट, क्रमांकावरून | `0.5B + 1` (५०१) | `log2 B + B` (१०१०) |

रेंज यात मुद्दाम टाकली नाही, कारण ती किती रेकॉर्ड्स जुळतात त्यावर आहे. समजा सलग ८०० आसन क्रमांक हवेत, एका केंद्रावरचे. सॉर्टेडमध्ये सुरुवात शोधायला १० आणि मग पुढची सलग २० पेजेस, साधारण ३०. हीपमध्ये ते ८०० कुठेही विखुरलेले असतील, १०००. पण हीच सॉर्टेड फाइल नावावरून शोधायला घेतलीत तर क्रमाचा शून्य उपयोग, ती त्या प्रश्नापुरती हीपच.

९. मग सरळ सांगा, कुठली चांगली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि "ॲप्लिकेशनवर अवलंबून आहे" असं उत्तर लिहून लोक मोकळे होतात. ते खोटं नाही, पण थोडं गणित केलं तर फार छान आकडा निघतो.

समजा दिवसभरात s वेळा सर्च आणि i वेळा इन्सर्ट होतात.

```
हीप     : 500s + 2i
सॉर्टेड : 10s + 1010i
बरोबरी  : 490s = 1008i  →  s ≈ 2.06 i
```

म्हणजे एका इन्सर्टमागे दोनपेक्षा जास्त सर्च होत असतील तर सॉर्टेड स्वस्त, कमी होत असतील तर हीप. बस, दोन! मला स्वतःला आधी वाटायचं की एवढी महाग इन्सर्ट भरून काढायला शेकड्याने सर्च लागत असतील. आणि फाइल मोठी केली तरी हा दोनचा आकडा जवळपास हलत नाही, कारण हीपचा सर्च `0.5B` आणि सॉर्टेडचा इन्सर्ट `B`, दोन्ही B सोबतच वाढतात, उरलेले छोटे आकडे मागे पडतात. १ लाख पेजेस घ्या, करून बघा.

शोधलेले क्रमांक बरेचदा फाइलमध्ये नसतातच अशी परिस्थिती असेल तर हीपचा सर्च १००० होतो आणि बरोबरी एका इन्सर्टमागे साधारण एका सर्चवर येते. डिलीट धरायचे असतील तर प्रत्येक डिलीटमध्ये सॉर्टेड ५०९ ने महाग पडते, म्हणजे एक डिलीट एका सर्चचा फायदा जवळपास खाऊन टाकतो.

हा हिशोब भोकं न ठेवणाऱ्या, गच्च भरलेल्या सॉर्टेड फाइलचा आहे. तिला थोडी ढील दिली तर पारडं अजून सॉर्टेडकडे झुकतं, ते प्रश्न १२ मध्ये.

१०. हीपमध्ये आसन क्रमांक डुप्लिकेट होऊ नये म्हणून इन्सर्टच्या आधी चेक करायचं असेल तर?

मग त्या २ वर पाणी सोडा. क्रमांक आधीपासून नाही ना हे बघायला अख्खी हीप वाचावी लागणार, १००० पेजेस, कारण हा "नाही" वाला सर्च आहे (प्रश्न ३). शेवटचं पेज त्यातच वाचून झालं, फक्त लिहायचा १, एकूण १००१.

आता सॉर्टेडशी ताडून बघा. तिथे जागा शोधतानाच, त्या १० पेजमध्येच, डुप्लिकेट आहे की नाही ते कळतं, चेक फुकटात होतो, आणि एकूण १०१०. म्हणजे इंडेक्स नसताना प्रायमरी की सांभाळायची असेल तर हीपचा इन्सर्ट सॉर्टेडपेक्षा फक्त ९ पेजने स्वस्त, आणि सर्चमध्ये मात्र ती ४९० ने मार खाते. हीप इन्सर्टला स्वस्त असते हे वाक्य "युनिकनेस कोणी तपासत नाही" या अटीवरच खरं आहे. लॉग फाइल, सेन्सरची रीडिंग्ज, आल्या तशा लिहून ठेवायच्या नोंदी, अशा ठिकाणी हीप शोभते.

११. आमचा क्रमांक वाढतच जातो, ऑटो नंबर. तरी १०१० धरायचे का?

नाही. प्रत्येक नवीन क्रमांक आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेल तर तो कायम शेवटच्या पेजात जातो, मागे सरकवायला कोणी नसतंच. शेवटचं पेज वाचलं, त्यातल्या शेवटच्या क्रमांकापेक्षा नवीन मोठा आहे हे बघितलं, लिहिलं, २ मध्ये झालं, बायनरी सर्चही लागला नाही. म्हणजे इन्सर्ट हीपसारखा आणि सर्च सॉर्टेडसारखा, दोन्हीकडून फायदा. एकच धोका, एखादं जुनं रेकॉर्ड उशिरा आलं, मागच्या आठवड्याची तारीख घेऊन, की त्या एका रेकॉर्डला पूर्ण दर लागतो. मोबाइल ॲपवरून ऑफलाइन भरलेला डेटा नंतर सिंक होतो तिथे हे हमखास होतं.

१२. सॉर्टेड फाइलचा इन्सर्ट स्वस्त करायचा काही मार्ग आहे का?

आहेत, आणि खऱ्या जगात गच्च भरलेली सॉर्टेड फाइल कोणी रेकॉर्डगणिक सरकवत बसत नाही.

पहिला मार्ग, पेजमध्ये जागा मोकळी सोडा. ४० ऐवजी ३२ च रेकॉर्ड्स भरली तर पेजेस १२५० होतात, सर्च जास्तीत जास्त ११, आणि इन्सर्ट म्हणजे ११ + १ = १२, कारण सरकवणं त्याच पेजाच्या आत, मेमरीत होतं. किंमत एवढीच की पूर्ण फाइल वाचायला १००० च्या जागी १२५०. हे छान चालतं जोपर्यंत नवीन क्रमांक सगळीकडे सारखे येतात. एकाच केंद्राचे पन्नास विद्यार्थी उशिरा आले तर त्या एका पेजातल्या ८ जागा लगेच संपतात आणि मग शेजारच्या पेजात सरकवासरकवी सुरू.

दुसरा मार्ग जास्त ताकदीचा. नवीन रेकॉर्ड्स सॉर्टेड फाइलमध्ये टाकूच नका, बाजूला एक छोटी हीप ठेवा आणि त्यात टाकत जा, प्रत्येकी २. अशी १००० रेकॉर्ड्स, म्हणजे २५ पेजेस, जमली की ती मेमरीत सॉर्ट करा आणि मुख्य फाइलशी एकदाच मर्ज करा. वाचायची १००० + २५, लिहायची १०२५, मिळून २०५०. हीच १००० रेकॉर्ड्स एकेक करून घातली असती तर १० लाखांच्या वर पेज ॲक्सेस झाले असते. म्हणजे बाजूच्या हीपचे २ आणि मर्जचे साधारण २, दर रेकॉर्डला ४ च्या आसपास.

किंमत सर्चला द्यावी लागते. मुख्य फाइलमध्ये १० पेजमध्ये सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर बाजूची २५ पण वाचायची, ३५. ती छोटी हीप मेमरीतच ठेवली तर तेही वाचतात. लॉग स्ट्रक्चर्ड मर्ज ट्री म्हणून जे डेटाबेस चालतात, रॉक्सडीबी, कॅसँड्रा, त्यांच्या पोटात हीच कल्पना आहे, तिथे मेमरीतला भागसुद्धा सॉर्टेडच ठेवतात आणि डिस्कवरच्या सॉर्टेड फाइल्स एकदा लिहिल्या की बदलत नाहीत, फक्त मर्ज होतात.

१३. डिलीट केल्यावर नुसती खूण केली, रेकॉर्ड हलवलं नाही, तर बायनरी सर्च चालेल?

चालेल, पण खूण कशी करताय यावर. रेकॉर्डवर "गेलेलं" अशी खूण केली आणि आसन क्रमांक तिथेच ठेवला तर काहीच बिघडत नाही, पेजचा पहिला आणि शेवटचा क्रमांक अजून वाचता येतो, त्यामुळे डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरतं. गडबड होते ती रेकॉर्ड खरंच पुसलं तर. पेजातली सगळी ४० पुसली गेली आणि बायनरी सर्च नेमका त्या रिकाम्या पेजात उतरला तर दिशा कळायला तिथे काहीच नाही. मग शेजारचं पेज वाचा, तेही रिकामं असेल तर त्याच्या पुढचं, आणि एक अख्खं केंद्र डिलीट झालेलं असेल तर अशी सलग २० पेजेस चालत जावं लागतं, १० चा सर्च ३० वर जातो आणि कारण पटकन लक्षात येत नाही, कारण बाकीचे क्रमांक पूर्वीसारखेच झटपट सापडत असतात. लक्षण हेच, काही ठरावीक क्रमांकांनाच वेळ लागणं.

१४. हीप टेबलमधले ९०% रो डिलीट केले तरी क्वेरी तेवढाच वेळ घेते. असं का?

कारण पेजेस कमी झालीच नाहीत. ४०,००० पैकी ३६,००० काढली तरी उरलेली ४,००० त्याच १००० पेजेसमध्ये विखुरलेली आहेत, प्रत्येकात सरासरी ४, आणि स्कॅनला पेजेस मोजायची सवय, रेकॉर्ड्स नाही. गच्च बसवली तर हीच १०० पेजेस झाली असती.

पोस्टग्रेस वापरत असाल तर तिथे टेबल हीपच असतं आणि पेजही ८ केबीचं, त्यामुळे हे डोळ्यांनी बघता येतं:

```
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS) SELECT count(*) FROM vidyarthi;
```

निकालात Buffers च्या ओळीत shared hit आणि read असे आकडे येतात, त्यांची बेरीज म्हणजे किती पेजेसना हात लावला. डिलीटच्या आधी आणि नंतर चालवून बघा. (तिथे प्रत्येक रोला स्वतःचा हेडर असतो म्हणून आपले १००० अगदी जुळणार नाहीत.) साधं `VACUUM` भोकं पुन्हा वापरण्याजोगी करतं, पण फाइल लहान करतं ती फक्त शेवटची पेजेस पूर्ण रिकामी असतील तर. `VACUUM FULL` टेबल नव्याने लिहितं, मग पेजेस खरोखर कमी होतात, फक्त तेवढा वेळ टेबलला कुलूप लागतं, भर दुपारी करू नका.

१५. हीप एकदाच सॉर्ट करून ठेवली तर परवडेल का?

सॉर्टिंगसाठी मेमरीत १०० पेजची जागा आहे असं धरा. १००-१०० पेजचे दहा तुकडे वाचून, सॉर्ट करून लिहायचे, २०००. मग दहाही तुकडे एकत्र मर्ज करायचे, परत २०००. एकूण ४०००. प्रत्येक सर्चमागे ४९० वाचतात, म्हणजे नवव्या सर्चला पैसे वसूल, त्यापुढे फायदाच. जिथे डेटा वर्षातून एकदा येतो आणि मग फक्त बघितला जातो, निकालासारखा, तिथे विचारसुद्धा करायची गरज नाही.

पोस्टग्रेसमध्ये `CLUSTER` कमांड टेबल एखाद्या इंडेक्सच्या क्रमाने लिहून देते, पण एकदाच. पुढचे इन्सर्ट आले की ते जागा मिळेल तिथे पडतात, क्रम हळूहळू विस्कटतो. एक लक्षात घ्या, तिथे टेबल सॉर्टेड दिसत असलं तरी डेटाबेस त्यावर थेट बायनरी सर्च करत नाही, शोधायचं काम इंडेक्सच करतो, क्रमाचा फायदा मिळतो तो रेंज वाचताना, जुळणारी रेकॉर्ड्स कमी पेजेसमध्ये सापडतात म्हणून.

१६. कॉलेजच्या लॅबमध्ये हार्ड डिस्कवर करून बघितलं तर १००० पेजच्या फाइलवर हीप आणि बायनरी सर्च जवळपास सारखेच निघाले. मग ५०० विरुद्ध १० चं काय झालं?

छान, हे प्रत्येकाने करून बघायला हवं. पेज ॲक्सेसच्या हिशोबात सगळे ॲक्सेस एकाच दराचे धरलेत, आणि फिरणाऱ्या डिस्कवर तसं नसतं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा ८.३ मिलिसेकंद, म्हणजे हवं ते पेज डोक्याखाली यायला सरासरी ४ च्या वर, आणि हेड लांब हलवावं लागलं तर साधारण ८ आणखी. पण एकदा जागेवर पोचल्यावर सलग वाचत गेलं तर १५० एमबी प्रति सेकंद या दराने एक पेज ०.०५५ मिलिसेकंदात येतं.

हीप सलग वाचायची, पोचायला १२ आणि ५०० पेजना २७, झाले ३९ मिलिसेकंद. बायनरी सर्च उड्या मारतो, पहिल्या उडीला १२, आणि फाइल ८ एमबीचीच असल्याने पुढच्या ९ उड्यांत हेड फार हलत नाही, प्रत्येकी ५ धरू, झाले ५७. म्हणजे हीप पुढे! ऑपरेटिंग सिस्टीमने फाइल मेमरीत ठेवली असेल तर दुसऱ्यांदा चालवल्यावर दोन्ही आकडे कोसळतात, तेही बघा.

आता फाइल १ लाख पेजची करा, ८०० एमबी. हीपला सरासरी ५०,००० पेज, पावणेतीन सेकंद. बायनरी सर्चला जास्तीत जास्त १७ उड्या, सगळ्या लांबच्या धरल्या तरी २०४ मिलिसेकंद. एसएसडीवर उडीचा दंड खूप कमी, तिथे छोट्या फाइललाही सॉर्टेडच जिंकते. त्यामुळे लॅबच्या जर्नलमध्ये पेज ॲक्सेसचा कॉलम आणि मिलिसेकंदाचा कॉलम वेगवेगळे ठेवा, आणि कुठली डिस्क वापरली ते वर लिहा.